तळ्यात-मळ्यात: एका सिच्युएशनशिपमधले अकरा आठवडे आणि एक प्रश्न

पहिल्या भेटीत तिने बसता बसताच फोन माझ्यासमोर ठेवला. "मॅडम, हे दोन मेसेज वाचा. दोन्ही एकाच माणसाचे आहेत." पहिला मेसेज शनिवारी रात्रीचा होता: "तू नसलीस की दिवस संपतच नाही गं." दुसरा त्यानंतर चार दिवसांनी आलेला. मध्ये तिचे तीन मेसेज बिनउत्तराचे पडून होते आणि खाली त्याचे तीन शब्द होते: "बिझी आहे. बोलू."

ती तिशीच्या आसपासची, स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी. तो जवळपास तिच्याच वयाचा. आठ महिने दोघं भेटत होते, रोज बोलत होते, एकमेकांच्या घरी राहत होते. या सगळ्याला नाव मात्र नव्हतं. अशा नात्यालाच हल्ली सिच्युएशनशिप म्हणतात. मित्रांमध्ये तो तिची ओळख नुसत्या नावाने करून द्यायचा, पुढे काही जोडायचा नाही. तिला माझ्याकडून एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: "आपण नक्की कोण आहोत, असं त्याला विचारू का? विचारलं आणि तो गेला तर?"

हे प्रकरण मी तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याला मी कधीच भेटलेले नाही. त्यामुळे त्याच्या मनात काय होतं, याबद्दल इथे जे आहे ते त्याच्या वागण्यावरून काढलेलं अनुमान आहे.

मी सुरुवातीला काय चुकले

ती येताना निदान सोबत घेऊनच आली होती. "तो अव्हॉइडंट आहे. जवळीक वाढली की घाबरून लांब जातो. मी धीर धरला तर हळूहळू उघडेल." हल्ली बहुतेक जण याच शब्दांत बोलतात, आणि ते अगदी निराधारही नाही. लहान मुलं आणि त्यांना सांभाळणारी माणसं यांच्यातल्या बंधाविषयी बोल्बी आणि एन्सवर्थ यांनी जी मांडणी केली, ती हेझन आणि शेव्हर यांनी १९८७ मध्ये मोठ्यांच्या प्रेमसंबंधांना लावून पाहिली. काही माणसांना जवळीकच अवघड जाते, हे तेव्हापासून पुष्कळ अभ्यासलं गेलं आहे.

मलाही तिचं निदान पटलं. ऊन-सावलीसारखं वागणं, मधूनच अंतर, मग परत ओढ: चित्र जुळत होतं. "थोडी जागा द्या, प्रश्न विचारायची घाई करू नका," असं मी सुचवलं. आज मागे पाहताना वाटतं, मी एक साधी गोष्ट तपासायला हवी होती. थंडपणा नेमका कशाच्या पाठोपाठ येतो? जवळिकीनंतर येतो, हे आम्ही दोघींनी गृहीत धरलं होतं. पाहिलं कुणीच नव्हतं.

वही

दुसऱ्या भेटीत मी तिला मागच्या अकरा आठवड्यांची नोंद करायला सांगितली. त्यात भावना नकोत, फक्त घटना. चॅट मागे सरकवून पाहायचं आणि कधी भेटलो, कोणी ठरवलं, काय बोललो, केव्हा तो गप्प झाला, किती दिवस, आणि परत कशामुळे आला, एवढंच लिहायचं. "गप्प" म्हणजे काय, हेही आधी ठरवलं, नाहीतर मनाला लागलेला प्रत्येक तास थंडपणात मोजला जातो. तीन दिवस किंवा त्याहून जास्त काळ त्याच्याकडून सुरुवात नाही आणि तिच्या मेसेजला उत्तर नाही किंवा एक-दोन शब्दांचं उत्तर आहे, तेव्हाच नोंद करायची.

तिने एका रविवारी दुपारभर बसून ती वही केली. अकरा आठवड्यांत असे सात टप्पे निघाले, तीन ते नऊ दिवसांचे.

मग आम्ही प्रत्येक टप्प्याच्या आधीचे दोन दिवस पाहिले. खूप जवळिकीच्या रात्री नऊ होत्या. त्यातली एक तर अशी, की तो वडिलांविषयी बोलता बोलता रडला होता. जवळिकीची भीती असती तर त्या रात्रीनंतर तो नक्की लांब गेला असता. दुसऱ्या दिवशी उलट त्यानेच सकाळी फोन केला होता. नऊपैकी सात रात्रींनंतर काहीच बिनसलं नाही.

सातपैकी पाच थंड टप्प्यांच्या आधी एक वेगळीच गोष्ट होती. कुणीतरी भविष्यकाळात बोललं होतं. "पुढच्या महिन्यात माझ्या मैत्रिणीचा कार्यक्रम आहे, येशील?" "सुट्टीत कुठे जायचं का?" "तुझ्या बहिणीला कधी भेटवतोस?" ज्या दोन जवळिकीच्या रात्रींनंतर तो गायब झाला, त्या दोन्ही रात्री असंच वाक्य बोललं गेलं होतं. उरलेल्या दोन टप्प्यांपैकी एकाच्या आधी त्याच्या कामाची मोठी मुदत होती आणि तसं त्याने आधी सांगितलंही होतं. एकाचं कारण सापडलं नाही.

या भेदाने प्रकरणाची दिशाच बदलली. जवळिकीला घाबरणारा माणूस आणि बांधिलकी नको असलेला माणूस बाहेरून सारखेच दिसतात, कारण दोघंही मधूनच नाहीसे होतात. पहिल्याच्या बाबतीत सावकाशपणा कामी येऊ शकतो. त्याला जवळ यायचं असतं आणि जमत नसतं, म्हणून दाब कमी झाला की तो स्वतःच्या गतीने पुढे सरकतो. दुसऱ्याला जवळीक आवडते, तो तिचा मनापासून आनंद घेतो, फक्त तिच्यातून उद्याची जबाबदारी निघू नये असं त्याला वाटतं. त्याला दिलेली "जागा" म्हणजे त्याला हवी तीच व्यवस्था आणखी काही महिने चालू ठेवणं. माझा पहिला सल्ला पहिल्या माणसासाठी ठीक होता. वहीत दिसत होता तो दुसरा.

वहीतली दुसरी बाजूही पाहू. तो परत कधी यायचा? सातपैकी सहा वेळा, तिने दोन-तीन दिवस मेसेज करणं थांबवल्यावर. एकदा तिने आपलं मन मोकळं करणारा लांबलचक मेसेज पाठवला होता, तोच टप्पा नऊ दिवस चालला. म्हणजे ती सरकली की तो जवळ येई आणि ती जवळ गेली की तो सरके. अंतर तेवढंच राही. यात त्याची काही चाल होती असं मला वाटत नाही. हातातून निसटतंय असं वाटलं की ओढ जागी होते, पुन्हा हातात आलं की शमते, एवढं साधंही असू शकतं. तिच्यावर होणारा परिणाम मात्र हेतूवर अवलंबून नव्हता.

तिला सुटता का येत नव्हतं

"मला एवढं कळतं, मग मी दर दहा मिनिटांनी फोन का बघते?" हे विचारताना तिला स्वतःची लाज वाटत होती, म्हणून यावर आम्ही बराच वेळ बोललो.

फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये कबुतरांवरचे प्रदीर्घ प्रयोग प्रसिद्ध केले. चोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळत असेल आणि मग तो मिळणं बंद झालं, तर पक्षी लवकर थांबतो. पण दाणा कधी तिसऱ्या वेळी, कधी चाळिसाव्या वेळी, असा अंदाज न येता मिळत असेल, तर बंद झाल्यावरही तो कितीतरी काळ चोच मारत राहतो. रोज नीट बोलणारा माणूस अचानक गप्प झाला तर आपल्याला चटकन कळतं की काहीतरी संपलं. मधूनच बोलणाऱ्याच्या बाबतीत शांतता कधीच शेवटची वाटत नाही, कारण याआधी प्रत्येक शांततेनंतर काहीतरी गोड आलेलं असतं.

दुसरा प्रयोग तिच्या अवस्थेच्या आणखी जवळचा आहे. व्हिटचर्च, विल्सन आणि गिल्बर्ट यांनी २०११ मध्ये ४७ विद्यार्थिनींना काही तरुणांची प्रोफाइल दाखवली. काहींना सांगितलं की या मुलांना तुम्ही खूप आवडलात, काहींना सांगितलं की साधारण आवडलात, आणि काहींना सांगितलं की दोन्हींपैकी काय ते नक्की नाही. सर्वात जास्त ओढ वाटली ती तिसऱ्या गटाला. या गटातल्या मुली त्या तरुणांचा विचारही जास्त करत होत्या. प्रयोग छोटा आहे आणि अनोळखी माणसांविषयीचा आहे, त्यावर फार मोठा इमला उभारू नये. पण डोक्यात कोणी सतत घोळतंय, यावरून प्रेम किती खोल आहे हे ठरत नाही, एवढं त्यातून नक्की घेता येतं. तिला हे ऐकून हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

विचारावं का

आता मूळ प्रश्न. "विचारू नकोस, पळून जाईल" हा सल्ला तिला तीन मैत्रिणींनी दिला होता. तो कुठून येतो हे मला समजतं. बॅक्स्टर आणि विल्मट यांनी १९८५ मध्ये तरुणांना विचारलं होतं की जवळच्या नात्यात कोणता विषय काढणं टाळता. सर्वात जास्त वेळा आलेलं उत्तर होतं, खुद्द नात्याची स्थिती. बोलायला सर्वात अवघड विषय तोच. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनीच दाखवलं होतं की थेट विचारण्याऐवजी माणसं लपून परीक्षा घेतात: मुद्दाम गप्प राहतात, दुसऱ्या कुणाचा विषय काढून मत्सर होतो का पाहतात, सूचक बोलतात. तिने हे तिन्ही करून पाहिलं होतं. अशा परीक्षेचा दोष असा की समोरच्याला आपण परीक्षा देतोय हेच ठाऊक नसतं, आणि निकाल काहीही लागला तरी त्याचे दोन अर्थ निघतात.

मी तिला तीन गोष्टी विचारल्या. "नाही" आलं तर तुम्ही काय कराल? ती म्हणाली, "भेटणं थांबवेन. हे असं अजून वर्षभर मला जमणार नाही." मग विचारलं, काहीच विचारलं नाही तर सहा महिन्यांनी काय असेल? बराच वेळ ती बोलली नाही. "हेच," असं शेवटी म्हणाली. तिसरं, "हो" आलं तर तुम्हाला नक्की काय हवंय? इथे ती अडली. "म्हणजे... गर्लफ्रेंड म्हणावं त्याने." आणि म्हणाला, पण वागला तसाच, तर?

या तिसऱ्या प्रश्नावर एक अख्खी भेट गेली. शेवटी तिच्या हातात लेबल नव्हतं, तीन वागण्याच्या गोष्टी होत्या. दोघांनीही दुसऱ्या कुणाला भेटायचं नाही. दोन-तीन आठवडे पुढचं काही ठरवता आलं पाहिजे आणि ठरलेलं पाळलं गेलं पाहिजे. आणि बोलायला नको असेल तेव्हा गायब न होता "दोन दिवस मला एकटं राहू दे" एवढं तरी सांगायचं.

या उत्तरांनंतर माझं मत पक्कं झालं की तिने विचारावं. न विचारल्याने ती जे वाचवत होती, ते तिला नको असलेलंच होतं. प्रश्न विचारल्याने जे तुटतं ते प्रश्नाने तोडलेलं नसतं, ते कशावर टिकून होतं तेवढं उघड होतं.

हाच सल्ला मी सगळ्यांना देणार नाही. ओळख चार आठवड्यांची असेल तर अनिश्चितता ही त्या टप्प्याची नेहमीची गोष्ट आहे, तिथे असा प्रश्न म्हणजे पेरल्या पेरल्या कणीस मागणं. स्वतःला काय हवंय तेच ठरलेलं नसेल, तर समोरच्याकडून व्याख्या मागण्यात अर्थ नाही. समोरचा माणूस दुःखात किंवा आजारपणात असेल आणि सगळ्यांशीच तुटक वागत असेल, तर त्याचा थंडपणा आपल्याबद्दल काहीच सांगत नाही. आणि अंतराला उत्तर म्हणून तो ओरडत असेल, धमकावत असेल, फोन तपासत असेल, तर व्याख्या मागायला एकटीने समोर बसू नये. तिथे आधी सुरक्षित बाहेर पडण्याचं बघावं लागतं.

केव्हा आणि कसं

ती तयार झाली आणि म्हणाली, "तो आता गायब आहे, आजच लिहिते." मी थांबवलं. थंड टप्प्यात विचारलेला प्रश्न तक्रारीसारखा ऐकू येतो आणि तो परत आला तरी शांत करायला येतो. तसंच, परतल्यानंतरच्या पहिल्या गोडव्यातही विचारू नये. तेव्हा "हो" फार स्वस्त असतं. तो खोटं बोलतो असं नाही, त्या रात्री त्याला खरंच तसं वाटत असतं. वहीवरून दिसत होतं की परतल्यावर साधारण आठवडाभराने दिवस नेहमीसारखे होतात. तोच काळ निवडला. समोरासमोर, दिवसा, दोघांनाही नंतर कुठे जायची घाई नसताना. मेसेजवर नाही.

तिने जे बोलायचं ते चार-पाच वाक्यांत बसवलं. पहिल्या मसुद्यात त्याच्या सातही गैरहजेऱ्यांची यादी होती. ती काढून टाकली, कारण यादी ऐकणारा माणूस एकेका मुद्द्याचा बचाव करत बसतो. राहिलं ते असं:

"आठ महिने झाले. मला तुझ्याबरोबर राहायला आवडतं आणि मला हे नातं म्हणून हवंय. म्हणजे आपण दोघंच, पुढचं ठरवता येईल असं, आणि न सांगता गायब न होता. तुला हे हवंय का? नको असेल तर मी समजून घेईन. पण मग मी असं भेटत राहणार नाही."

शेवटच्या वाक्याची तिला भीती वाटत होती. "ही धमकी नाही का होत?" माझ्या मते फरक हेतूत आहे. त्याने घाबरून "हो" म्हणावं यासाठी ते बोललं तर धमकी. ती खरोखर तेच करणार असेल आणि त्याला निर्णयाआधी ते ठाऊक असावं म्हणून बोलली, तर ती माहिती आहे, आणि ती लपवणंच अन्यायाचं ठरेल.

उत्तर

तो चिडला नाही. हळवा झाला. म्हणाला, "मला तू हवी आहेस. पण नाव द्यायची घाई कशाला? छान चाललंय की."

अशा प्रश्नाला असंच उत्तर पुष्कळदा येतं. स्पष्ट "नाही" आलं की माणूस रडतो आणि उठतो. या मधल्या उत्तरात पहिलं वाक्य "हो"सारखं असतं आणि दुसरं "नाही"सारखं, आणि थकलेलं मन पहिलंच घरी घेऊन जातं. म्हणून तिने तयारी करून ठेवलेले दोन प्रश्न विचारले. "घाई नको म्हणजे साधारण कधी?" त्यावर "असं कसं सांगू." मग, "नाव नको, चालेल. त्या तीन गोष्टी?" दुसऱ्या कुणाला भेटत नाही, याला तो लगेच हो म्हणाला. उरलेल्या दोन्हींना "बघू" म्हणाला.

तिने तीन आठवडे द्यायचं ठरवलं. ते त्याला सांगितलं नाही, कारण मुदत सांगितली की मुदतीपुरतं वागणं दिसतं. पण काय झालं तर पुरेसं मानायचं, ते वहीत आधीच लिहून ठेवलं: त्याने स्वतःहून आखलेली आणि पाळलेली एक तरी भेट, आणि गप्प व्हायचं असेल तर आधी एक ओळ. आधी लिहिणं गरजेचं होतं, नाहीतर दर आठवड्याला मापच बदलतं आणि शेवटी एक गोड मेसेजही प्रगती वाटू लागतो.

पहिला आठवडा सुंदर गेला. तो रोज फोन करत होता. दुसऱ्या आठवड्यात शनिवारची भेट त्यानेच ठरवली आणि दोन तास आधी रद्द केली. दुसरा दिवस सुचवला नाही. तिसऱ्या आठवड्यात पाच दिवस काही नाही, आणि मग रात्री साडेबाराला: "मिस करतोय खूप."

तिने रात्री उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं की ती आता भेटणार नाही. तो खरंच गोंधळला. "इतकं काय झालं? मी काही वाईट वागलो का?" तिला हे फार लागलं, कारण तो वाईट माणूस नव्हता. त्याला जे हवं होतं ते त्याने कधी लपवलंही नव्हतं, फक्त कधी उच्चारलं नव्हतं.

नंतरचे दिवस सोपे नव्हते. कबुतरांचं उदाहरण इथेच पुन्हा आठवलं. पहिल्या दोन आठवड्यांत तिचं फोन पाहणं कमी होण्याऐवजी वाढलं. हे असं होतं, हे मी तिला आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून तिने त्याचा अर्थ "माझा निर्णय चुकला" असा लावला नाही. पाचव्या आठवड्यात त्याचा मेसेज आला: "कशी आहेस? तुझी आठवण येते." तिने उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग वही काढून शेवटचं पान वाचलं आणि त्या मेसेजमध्ये ती एकच गोष्ट शोधली: भविष्यकाळातलं एखादं तरी वाक्य. ते नव्हतं.

शेवटच्या भेटीत तिने मला तो मेसेज दाखवला. खाली तिचं उत्तर होतं, "बरी आहे. तूही बरा राहा." त्याखाली त्याचा अंगठा. तिने फोन पर्समध्ये ठेवला आणि नव्या कामाबद्दल बोलायला लागली.